तोट्याचा हिशेब आणि पंधरा दिवस

११ डिसेंबर २०२४. नाशिकमधल्या सातपूरच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीचा चहा नुकताच झाला होता आणि मोबाइलवर मेल आला. विषयात माझा पॅन, खाली आयकर विभागाच्या बंगळूरच्या केंद्राचं नाव आणि मधे दोनच शब्द डोळ्यांत भरले: डिफेक्टिव्ह रिटर्न. सोबतची फाइल पॅन लहान अक्षरांत आणि पुढे जन्मतारीख टाकल्यावर उघडली. कलम १३९(९). पुढच्या रकान्यात इंग्रजीत लिहिलेल्या मजकुराचा अर्थ असा होता, की तुमच्या व्यवसायाची उलाढाल एक कोटीच्या वर आहे आणि तरीही तुम्ही कलम ४४एबीखाली हिशेबांचं ऑडिट करून घेतलेलं नाही.

व्यवसाय? मी कारखान्यात गुणवत्ता तपासणी करणारा नोकरदार माणूस. वर्षभर निफ्टीच्या ऑप्शन्समध्ये पैसे घालवले होते, ते बायकोलाही पुरते सांगितले नव्हते. आणि हे पत्र मला एक कोटीचा व्यावसायिक म्हणत होतं. छातीत धस्स झालं, ते दंडाच्या भीतीने जितकं, तितकंच लपवलेली गोष्ट कुणीतरी मोठ्याने वाचल्यासारखं वाटल्याने.

त्या रात्री एका कर सल्लागाराला फोन केला. तो म्हणाला, "एफ अँड ओमध्ये, म्हणजे वायदे-ऑप्शन्समध्ये, तोटा दाखवला की ऑडिट सक्तीचंच. नाही केलं म्हणजे उलाढालीच्या अर्धा टक्का दंड." मी गुणाकार केला. दोन कोटी चौदा लाखांचा अर्धा टक्का, एक लाख सात हजार. रात्रभर झोप लागली नाही. आज लिहितोय ते यासाठी, की त्याच्या वाक्यातला पहिला भाग चुकीचा होता. तसं त्याला का वाटत होतं हे कळायला मला चार दिवस लागले, आणि त्या चार दिवसांत जे शिकलो ते माझ्यासारख्या कुणाची तरी एक रात्र वाचवेल.

माझी मावसबहीण चार्टर्ड अकाउंटंट आहे, कॉलेज रोडला तिचं लहानसं ऑफिस आहे. तिच्याकडे आधीच गेलो असतो, पण तिला तोटा सांगायचा म्हणजे घरात सांगितल्यासारखंच. शनिवारी गेलो. तिने नोटीस वाचली, मी भरलेलं विवरणपत्र वाचलं, मग ब्रोकरचा वर्षाचा अहवाल मागितला. पाचेक मिनिटं काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "घाबरू नकोस. ही तपासणीची नोटीस नाही. तुझे कागद एकमेकांशी बोलत नाहीत, एवढंच संगणकाने पकडलंय."

हे तिने आधी सांगितलं, म्हणून मीही आधी सांगतो. आपल्याकडे या सगळ्यालाच लोक 'ऑडिटची नोटीस' म्हणतात, पण त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. टॅक्स ऑडिट म्हणजे आपणच आपल्या सीएकडून हिशेब तपासून घ्यायचे आणि त्याचा अहवाल पोर्टलवर चढवायचा. तो करायला खात्याचा अधिकारी येत नाही. खात्याने आपलं विवरणपत्र तपासायला घेतलं, तर नोटीस कलम १४३(२) खाली येते आणि ती प्रक्रिया लांबची असते. १३९(९) त्याच्या कितीतरी आधीची पायरी आहे. तुमचं विवरणपत्र अपुरं दिसतंय, पंधरा दिवसांत दुरुस्त करा, एवढंच त्यात असतं. तेव्हा हातात कागद आला की सर्वांत आधी कलमाचा आकडा पाहायचा. त्याच्यावर छापलेला डीआयएन क्रमांक पोर्टलवर टाकून नोटीस खरी असल्याची खात्रीही ताईने माझ्याकडूनच करून घेतली.

मग तिने विचारलं, "ही दोन कोटी चौदा लाख उलाढाल कुठून आली?"

ब्रोकरच्या अहवालात खरेदीची एकूण किंमत आणि विक्रीची एकूण किंमत असे दोन रकाने होते. विक्री म्हणजे उलाढाल, असं समजून मी २,१४,००,००० विक्रीत लिहिले आणि २,१७,९२,००० खरेदीत. फरक ३,९२,००० तोटा. बेरीज-वजाबाकी अचूक होती. पण वायदे आणि ऑप्शन्सची उलाढाल अशी मोजत नाहीत.

ताईने कागदावर दोन सौदे मांडले. निफ्टीचा एक ऑप्शन, शंभर नग, १२० रुपयांना घेतला आणि १५० ला विकला. नफा ३,००० रुपये. दुसरा ९० ला घेतला, ४० ला विकावा लागला. तोटा ५,००० रुपये. निव्वळ तोटा दोन हजार. माझ्या पद्धतीने उलाढाल धरली तर विक्रीची बेरीज, पंधरा हजार अधिक चार हजार, म्हणजे एकोणीस हजार. खरी उलाढाल मात्र आठ हजार, कारण प्रत्येक सौद्यात पडलेला फरक नफ्याचा असो की तोट्याचा, वजा-अधिक चिन्ह न पाहता बेरजेत घ्यायचा. तीन अधिक पाच. सनदी लेखापालांच्या संस्थेच्या, म्हणजे आयसीएआयच्या टॅक्स ऑडिटवरच्या मार्गदर्शिकेत ही रीत दिली आहे. पूर्वी ऑप्शन विकून मिळालेला प्रीमियम यात वेगळा मिळवायचा असे, त्यामुळे आकडे फुगत. २०२२ च्या आवृत्तीपासून तो नफ्या-तोट्यातच धरला गेला असेल तर पुन्हा मिळवत नाहीत. जुने लेख वाचून हिशेब करणाऱ्यांचा इथेच घोळ होतो.

माझ्या वर्षभराच्या सौद्यांवर तीच रीत लावली. नफ्याचे सगळे सौदे मिळून १८,८४,०००. तोट्याचे सगळे मिळून २२,७६,०००. उलाढाल ४१,६०,०००. एक कोटीच्या अर्ध्यापेक्षाही कमी.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला हायसं वाटायला हवं होतं, पण मी वेगळ्याच आकड्यावर अडकलो. अठरा लाख चौऱ्याऐंशी हजारांचा नफा मी कमावला होता. प्रत्येक नफ्याचा दिवस मला आठवत होता आणि त्याच दिवसांच्या आठवणीवर मी वर्ष काढलं होतं. तोट्याच्या दिवसांची अशी बेरीज मी कधी केलीच नव्हती.

ताई मात्र पुढे गेली होती. "चूक एवढीच नाही," ती म्हणाली. "समजा उलाढाल खरंच दोन कोटी असती, तरी तुला ऑडिट लागलं नसतं. एक कोटीची मर्यादा रोखीने धंदा करणाऱ्यांसाठी आहे. ज्याची रोखीची जमा आणि रोखीचा खर्च प्रत्येकी पाच टक्क्यांच्या आत असतो, त्याला ती दहा कोटी आहे. ब्रोकरकडे पैसे बँकेतूनच जातात आणि बँकेतच परत येतात. तुझी रोख शून्य. मग संगणकाने तुला एक कोटीची मर्यादा का लावली?"

तिने विवरणपत्राचं पहिलं पान उघडलं. तिथे प्रश्न होता, की वर्षभरात रोखीने मिळालेल्या रकमा एकूण जमेच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नाहीत ना. त्याच्या खाली खर्चाबद्दल तसाच दुसरा. इंग्रजीतलं वाक्य लांबलचक आहे आणि त्यातलं 'does not exceed' शेवटाकडे येतं. मी 'cash' हा शब्द वाचला, मनात म्हटलं आपला रोखीचा काय संबंध, आणि दोन्हीकडे 'No' निवडलं. त्याचा अर्थ उलटा झाला. माझी रोख पाच टक्क्यांच्या वर आहे, असं मी स्वतः लिहून दिलं. खरं उत्तर 'Yes' होतं: होय, जास्त नाही.

दोन कोटींची उलाढाल, रोख पाच टक्क्यांच्या वर, आणि तिसऱ्या ओळीत 'ऑडिट लागू आहे का?' या प्रश्नाला 'No'. या तिन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असूच शकत नाहीत. विवरणपत्र चढवताना पडद्यावर एक इशारा आलाही होता, जुलैअखेरची घाई होती, मी पुढे गेलो. दोनपैकी एकच चूक झाली असती, तर निदान या कारणाने नोटीस आली नसती.

मग सल्लागाराने सांगितलेलं 'तोटा म्हणजे ऑडिट' कुठून आलं? हे मला ताईकडून खोदून काढावं लागलं, कारण नाशकातच नव्हे तर सगळीकडे हे वाक्य ठामपणे सांगितलं जातं. कलम ४४एडी नावाची एक सवलत आहे. लहान व्यावसायिकाने उलाढालीच्या ठरावीक टक्के, बँकेतून आलेल्या रकमेवर सहा टक्के, नफा मानून कर भरायचा आणि वह्यांच्या भानगडीतून सुटायचं. जुन्या तरतुदीत मर्यादेतल्या कुणी त्या टक्क्यांपेक्षा कमी नफा दाखवला आणि त्याचं एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर गेलं, तर त्याला ऑडिट लागायचं. तोटा हा अर्थातच कमी नफा. पण कर निर्धारण वर्ष २०१७-१८ पासून हे बदललं. आता ऑडिट लागतं ते, ज्याने ४४एडीची सवलत एकदा घेतली आणि पुढच्या पाच वर्षांत ती सोडली, त्याला. मी ती कधी घेतलीच नव्हती. मर्यादेच्या आतली उलाढाल, सवलत कधीच घेतलेली नाही, तोटा: ऑडिट नाही.

हाच नियम उलट बाजूने किती अडचणीचा ठरतो, ते माझ्या मेहुण्याच्या बाबतीत दिसलं. त्याला २०२१-२२ मध्ये ऑप्शन्समध्ये थोडा नफा झाला होता. कुणीतरी सांगितलं म्हणून त्याने ४४एडीखाली सहा टक्के दाखवून सोपं विवरणपत्र भरलं. २०२३-२४ मध्ये त्याला माझ्यासारखाच तोटा झाला. त्याची उलाढाल माझ्या निम्मीही नव्हती, पगार मात्र करमुक्त मर्यादेच्या वर. त्याला ऑडिट लागू होतं आणि तो अहवाल मुदतीत गेला नव्हता. त्याच्यासाठी दंडाचा धोका खरा होता. उलाढालीच्या अर्धा टक्का किंवा दीड लाख, यातली कमी रक्कम. सवलत घेताना ही पाच वर्षांची गाठ त्याला कुणीच समजावली नव्हती, याचं मला अजून वाईट वाटतं.

आता उत्तर. पोर्टलवर `Pending Actions` मध्ये `e-Proceedings` आहे, तिथे नोटीस दिसते. उत्तर देताना दोन वाटा असतात, `Agree` आणि `Disagree`. मी आल्या आल्या `Disagree` दाबायला निघालो होतो. ऑडिट लागू नाही हे आता कळलं होतं ना! ताईने थांबवलं. "तुझा निष्कर्ष बरोबर आहे, पण विवरणपत्र चुकलेलंच आहे. उलाढाल चूक, रोखीचं उत्तर चूक. दोष मान्य कर आणि दुरुस्त विवरणपत्र दे. `Disagree` त्याने म्हणायचं, ज्याचे सगळे आकडे बरोबर असूनही नोटीस आली." तशा माणसाने काय लिहावं, तेही तिने सांगितलं. मान्यताप्राप्त शेअर बाजारावरचे डेरिव्हेटिव्ह, म्हणजे वायदे-ऑप्शन्सचे, सौदे कलम ४३(५) च्या अपवादामुळे सट्टा नसून सामान्य व्यवसाय आहेत. फरकांची बेरीज करून उलाढाल अमुक इतकी. रोख व्यवहार शून्य, म्हणून दहा कोटींची मर्यादा लागू. ४४एडी आधीच्या पाच वर्षांत घेतलेलं नाही. एवढी चार वाक्यं आणि सोबत ब्रोकरचा अहवाल. रागाचं, गयावया करण्याचं एकही वाक्य नको. आणि एकदा पाठवलेलं उत्तर मागे घेता किंवा बदलता येत नाही, म्हणून पाठवण्याआधी रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा वाचायचं.

रविवारी आम्ही दुरुस्त आयटीआर-३, म्हणजे व्यवसायाचं उत्पन्न असणाऱ्यांचं विवरणपत्र, भरायला बसलो. विक्रीच्या जागी ४१,६०,००० उलाढाल, समोरच्या बाजूला तोट्याची भर घालून ४५,५२,०००, म्हणजे ढोबळ तोटा तोच ३,९२,०००. त्याखाली ब्रोकरेज, सिक्युरिटीज ट्रान्झॅक्शन टॅक्स, बाजाराचे आकार, जीएसटी, मुद्रांक असे मिळून ६१,४००. हे मी आधी लिहिलेच नव्हते. व्यवसाय म्हटला की हे सगळे खर्च वजा होतात. निव्वळ तोटा ४,५३,४००.

मग ताळेबंद. तो मी पहिल्या वेळी शून्य-शून्य सोडला होता. ताईचं म्हणणं, उलाढाल पंचवीस लाखांच्या वर गेलेल्या माणसाने वह्या ठेवणं अपेक्षित आहे, ऑडिट नसलं तरी. आणि रिकामा ताळेबंद हे १३९(९) ची नोटीस यायचं आणखी एक नेहमीचं कारण. म्हणून तिने मला बँकेचं पासबुक घेऊन बसवलं. ३१ मार्च २०२४ ला ब्रोकरकडे शिल्लक १,१२,०००. ट्रेडिंगच्या बँक खात्यात ३८,०००. एकूण दीड लाख. तोटा ४,५३,४००. म्हणजे वर्षभरात घातलेलं भांडवल ६,०३,४००. मी पासबुकातल्या नोंदींवर एकेक खूण करत गेलो. पाच हजार, पंधरा हजार, दिवाळीच्या बोनसमधले चाळीस. बेरीज रुपयाला जुळली. मला वाटत होतं, आपण चारेक लाख घातले असतील.

ताईने चहा आणला आणि ती बराच वेळ गॅलरीत उभी राहिली. मला एकट्याला बसू द्यावं, हे तिला कळलं असावं.

सेबीच्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे-ऑप्शन्समधल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात होते, असं आढळलं होतं. तो आकडा मी पेपरात वाचला होता. स्वतःच्या हाताने ताळेबंद लिहिला तेव्हा तो मला लागू झाला.

पण तोटा इतका नीट लिहायचा कशाला? याचं उत्तरही त्याच संध्याकाळी मिळालं. हा तोटा पगारातून वजा करता येत नाही. व्याजासारख्या इतर उत्पन्नातून मात्र तो त्याच वर्षी वजा होतो. माझं मुदत ठेवीचं व्याज ४६,००० होतं, ते यात गेलं. उरलेला ४,०७,४०० चा तोटा पुढची आठ कर निर्धारण वर्षं, म्हणजे २०३२-३३ पर्यंत, व्यवसायाच्या नफ्यातून वजा करता येईल. अट एकच, मूळ विवरणपत्र मुदतीत भरलेलं हवं. माझं २८ जुलैचं होतं. १३९(९) ला उत्तर म्हणून दिलेलं दुरुस्त विवरणपत्र त्या मूळ तारखेलाच धरलं जातं. पण पंधरा दिवसांत उत्तर दिलं नसतं, तर मूळ विवरणपत्र अवैध ठरलं असतं, जणू भरलंच नव्हतं, आणि त्याबरोबर तोटा पुढे नेण्याचा हक्कही गेला असता. नोटिशीतली खरी भीती ही होती. दंडाच्या विचारात मी ती पाहिलीच नव्हती. वेळ अपुरा वाटला तर मुदतवाढ मागता येते, पण मागायची ती पंधरा दिवस संपायच्या आत.

१७ डिसेंबरला रात्री उत्तर पाठवलं. विवरणपत्रात १३९(९) निवडायचं, मूळ पोचपावतीचा क्रमांक आणि नोटिशीचा क्रमांक व तारीख टाकायची, तयार झालेली फाइल `Agree` च्या वाटेने चढवायची. हातात नऊ दिवस शिल्लक होते. ते क्रमांक मी तीनदा पडताळले.

एप्रिल २०२६ पासून आयकराचा नवा कायदा लागू झाला आहे आणि कलमांचे आकडे बदलले आहेत. आधीच्या वर्षांची विवरणपत्रं मात्र जुन्याच कायद्याने पाहिली जातात, तेव्हा हे आकडे अजून काही वर्षं लोकांच्या पत्रांवर दिसत राहतील.

फेब्रुवारीत कलम १४३(१) ची सूचना आली. त्यात दोन रकाने असतात, आपण भरलेलं आणि खात्याने मोजलेलं. ताईने आधीच सांगून ठेवलं होतं, की कर शून्य दिसला म्हणून मेल बंद करू नकोस, पुढे नेलेल्या तोट्याच्या ओळीपर्यंत जा. दोन्ही रकान्यांत ४,०७,४०० होते.

त्या रात्री जेवणं झाल्यावर बायकोला तो कागद दाखवला. तिने आधी ती ओळ वाचली, मग मी सोबत ठेवलेला ताळेबंद. सहा लाख तीन हजार चारशे या आकड्यावर तिचं बोट थांबलं. तिने एवढंच विचारलं, "हे सगळं तू एकट्याने?" मी पासबुक आणलं आणि पहिल्या खुणेपासून सांगायला सुरुवात केली.